ट्रेकवर आजारपण आणि स्टेरॉइडची गोळी

प्रश्न: वर्षभर रोज प्रेडनिसोलोन ५ मिग्रॅ घेतोय. गडावर ताप आला तर गोळी थांबवू का?

थांबवू नका, उलट ताप असेपर्यंत सकाळी ५ मिग्रॅ आणि संध्याकाळी ५ मिग्रॅ घ्या. इतके दिवस गोळ्या घेतल्यावर अधिवृक्क ग्रंथी सुस्तावतात, आजारात लागणारं जादा कॉर्टिसॉल बनवत नाहीत. हरिश्चंद्रगडावर तापात मी ‘पोट बिघडलंय’ म्हणून गोळी टाळली. संध्याकाळी तंबूतून उठलो की डोळ्यांपुढे अंधारी. खाली आल्यावर डॉक्टरांनी हा नियम कागदावर लिहून दिला. गोळीनंतर अर्ध्या तासात उलटी झाली तर पुन्हा घ्यायची. तीही पडली तर हायड्रोकॉर्टिसोन १०० मिग्रॅचं इंजेक्शन आणि थेट हॉस्पिटल. मात्र ट्रेकला निघण्याआधी तुमचा डोस डॉक्टरांकडून लिहून घ्या. रोजचा डोस वेगळा असेल तर हिशोब बदलतो.