थ्री-फेज मोटर, घरची सिंगल फेज आणि आगराचं शिपणं

एक एचपीची जुनी थ्री-फेज मोटर पडून आहे. विहिरीवर सिंगल फेजच आहे. कपॅसिटर लावून आगराला पाणी देता येईल का? (गुहागर)

आधी मोटरची पाटी वाचा. त्यावर ‘२३०/४१५ व्होल्ट, डेल्टा/स्टार’ असेल, किंवा नुसतं ‘४१५ व्होल्ट, स्टार’ असेल, तर काम होईल. अशा मोटरच्या प्रत्येक वाइंडिंगला मुळातच २४० व्होल्टच मिळतात. तीच वाइंडिंगं डेल्टात जोडली की घरच्या २३० व्होल्टवर त्यांना जवळपास तेवढाच दाब मिळतो.

पाटीवर ‘४१५ व्होल्ट, डेल्टा’ असेल तर मात्र नाद सोडा. तिथे वाइंडिंगला हव्या असलेल्या दाबाच्या जेमतेम ५५ टक्के दाब मिळेल. टॉर्क दाबाच्या वर्गाने घटतो, म्हणजे तो तिसऱ्या हिश्श्यापेक्षाही कमी उरतो. कपॅसिटर कितीही मोठा लावला तरी ही उणीव भरून निघत नाही.

बॉक्समध्ये सहा टोकं असतील तर स्टारची पत्ती काढून तीन पत्त्या उभ्या लावा, की डेल्टा झाला. तीनच टोकं बाहेर असतील तर स्टारचा सांधा आत बांधलेला आहे. तो रिवाइंडिंगवाल्याकडून उघडून सहा टोकं बाहेर काढून घ्यावी लागतील.

कपॅसिटर किती मायक्रोफॅरडचा आणि कुठे लावायचा? (वेंगुर्ले)

२३० व्होल्ट, ५० हर्ट्झवर ढोबळ हिशेब किलोवॅटला ७० मायक्रोफॅरड. एक एचपी म्हणजे ०.७५ किलोवॅट, म्हणून ५० मायक्रोफॅरडचा रनिंग कपॅसिटर घ्या, ४४० व्होल्ट एसीचा. हलक्या भारावर त्याच्यावरचा दाब घरच्या दाबापेक्षा वर जातो, म्हणून कमी व्होल्टचा नको.

फेज आणि न्यूट्रल डेल्टाच्या दोन टोकांना जोडा. कपॅसिटरचं एक टोक तिसऱ्या टोकाला आणि दुसरं त्या दोघांपैकी एकाला. पंप उलटा फिरला तर हे दुसरं टोक त्या दोघांपैकी उरलेल्यावर हलवा. मोटरला अर्थिंग हवंच. कपॅसिटरला डिस्चार्ज रेझिस्टर असू द्या आणि हात लावण्याआधी तो रिकामा झाल्याची मीटरने खात्री करा.

नुसत्या रनिंग कपॅसिटरवर सुरुवातीचा टॉर्क तोकडा असतो. पंप घुमत राहिला आणि वेग घेत नसला तर १०० मायक्रोफॅरडचा स्टार्टिंग कपॅसिटर पुशबटनामार्फत समांतर लावा. मोटरने वेग घेतला की बटन लगेच सोडायचं. दाबून धरलं तर तो फुटतो.

सगळं जोडलं, पंप चालतो, पण अर्ध्या तासात मोटर चटका देते. पूर्वी थ्री-फेजवर हाच पंप दिवसभर चालायचा. (अलिबाग)

कपॅसिटर तिसऱ्या फेजची हुबेहूब नक्कल करत नाही. तिन्ही वाइंडिंगांचा समतोल एका ठरावीक भारावरच जमतो. भार त्याहून वाढला किंवा फार घटला की उलट दिशेने फिरणारं एक चुंबकीय क्षेत्र तयार होतं. ते रोटरला मागे ओढतं आणि तांब्यात उष्णता वाढवतं. म्हणून १ एचपीची मोटर इथे ०.६५ ते ०.७ एचपीचीच समजा. तुमचा पंप पूर्ण १ एचपी खात असणार.

टोंग टेस्टर घ्या. पाटीवर ४१५ व्होल्ट स्टारला १.९ अँपिअर लिहिलं असेल, तर तीच प्रत्येक वाइंडिंगची मर्यादा. मीटर बाहेरच्या वायरीवर नव्हे, बॉक्समध्ये एकेका वाइंडिंगच्या वायरीभोवती लावा. पंप पाणी देत असताना तिन्ही आकडे १.९ च्या आत हवेत. कपॅसिटरही तपासा: त्याचा अँपिअर गुणिले ३१८३, भागिले त्याच्यावरचे व्होल्ट, म्हणजे मायक्रोफॅरड. ३.६ अँपिअर, २३० व्होल्ट आले तर ५० बरोबर. खाऱ्या हवेत गंजलेली लग आणि सैल सांधा यांनीही आकडे बिघडतात, ते आधी पाहा.

वाइंडिंग जास्त खात असेल तर डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह थोडा आवळा. सेंट्रिफ्युगल पंपाचा भार पाणी कमी केल्यावर हलका होतो. अनेकांना याच्या उलट वाटतं. पण पार बंद ठेवून चालवू नका: पंपातलं पाणी तापतं, आणि फार हलक्या भारावरही कपॅसिटरकडचं वाइंडिंग तापतं. कायमचा इलाज हवा तर इंपेलर १० टक्के कमी व्यासाचा करून घ्या. भार साधारण पाव हिश्श्याने उतरतो, चढाही पाचव्या हिश्श्याने घटतो, तो तुमच्या विहिरीला पुरतो का ते आधी मोजा.

संध्याकाळी दाब १९० वर येत असेल तर टॉर्क आणखी तिसऱ्या हिश्श्याने जातो. तेव्हा पंप लावू नका.

भातगिरणीची ५ एचपी मोटर अशीच चालेल का? (दापोली)

नाही. ती बहुधा ४१५ व्होल्ट डेल्टाची असते, गिरणी भरलेली असताना तिला उचलायला मोठा टॉर्क लागतो, आणि घरच्या जोडणीला तेवढा प्रवाह झेपणार नाही. तिथे थ्री-फेज जोडणीच घ्या. दोन एचपीपर्यंतच्या, २३० व्होल्ट डेल्टा जमणाऱ्या मोटरीला पूर्ण शक्ती हवीच असेल, तर सिंगल फेज घेऊन २३० व्होल्टची थ्री-फेज देणारा व्हीएफडी लावा. तिथे कपॅसिटर लागत नाही, पण मोटरची तिन्ही टोकं थेट व्हीएफडीलाच जोडायची, मध्ये काही नको.