धातू, पेसमेकर आणि बधिर पाय: इलेक्ट्रोथेरपीची एक केस

प्रश्न: बीपीटीला आहे. अल्ट्रासाउंड, टेन्स, एसडब्ल्यूडी, हॉट पॅक यांच्या कॉन्ट्राइंडिकेशनच्या याद्या तोंडपाठ आहेत, पण परीक्षेत केस आली की गोंधळ उडतो. मेटल इम्प्लांट असेल तर नक्की काय चालतं, काय नाही?

मी इलेक्ट्रोथेरपी शिकवते. माझ्या पाहण्यात विद्यार्थी सगळ्यात जास्त अडतात ते याच धातूच्या प्रश्नावर, कारण तो प्रत्येक यंत्राच्या यादीत कुठे ना कुठे असतो आणि प्रत्येक ठिकाणी त्याचा अर्थ वेगळा असतो. म्हणून यादी बाजूला ठेवा आणि यंत्रातून निघालेली ऊर्जा धातूपाशी पोहोचल्यावर तिचं काय होतं, ते बघा.

एसडब्ल्यूडी २७.१२ मेगाहर्ट्झचं विद्युतचुंबकीय क्षेत्र तयार करते. धातू उत्तम वाहक असल्यामुळे त्या क्षेत्राच्या रेषा त्याच्याकडे ओढल्या जातात, त्याच्याभोवती एकवटतात आणि लगतचं ऊतक भाजतं. हे भाजणं खोलवर होतं, वरची त्वचा चांगली दिसत राहते. म्हणून क्षेत्रात धातू असेल तर एसडब्ल्यूडी नाही, इथे विचार करत बसायचं कारण नाही. मुख्य भर 'क्षेत्रात' या शब्दावर आहे. प्लेट मनगटात असेल आणि उपचार कमरेवर होणार असेल, तर हात क्षेत्राबाहेर ठेवता येतो.

अल्ट्रासाउंड ही ध्वनिलहर आहे. धातूवरून तिचा मोठा भाग परावर्तित होतो, पण धातू स्वतः उष्णता झपाट्याने वाहून नेतो, त्यामुळे त्याच्याजवळ ती साचत नाही. प्लेट, स्क्रू, नेल असताना हेड सतत हलतं ठेवून आणि मात्रा बेताची ठेवून अल्ट्रासाउंड देता येतो. खरी अडचण सांधेबदलातल्या बोन सिमेंटची आणि पॉलिएथिलीनची आहे. ही द्रव्यं ध्वनिऊर्जा जास्त शोषतात आणि धातूसारखी ती पसरवत नाहीत. त्यामुळे पर्यायात 'मेटल प्लेट' आहे की 'सिमेंटेड टोटल नी रिप्लेसमेंट', हे वाचताना थांबून बघा. उत्तर तिथेच बदलतं.

नेहमीच्या टेन्समध्ये दोन्ही दिशांना समतोल वाहणारे अगदी छोटे विद्युतस्पंद असतात. त्यांनी धातू तापत नाही, म्हणून हाडातली प्लेट टेन्सच्या आड येत नाही. हॉट पॅकची उष्णता मुळातच फार तर एखाद सेंटीमीटर खोल जाते. त्यामुळे धातू अगदी त्वचेखाली असेल तरच सावध राहावं लागतं.

आता एक केस घेऊ, ती मी वर्गातही देते. ६४ वर्षांच्या बाई, उजव्या गुडघ्याला ऑस्टिओआर्थ्रायटिस, चालताना दुखतं, सूज नाही. त्याच मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाला जुन्या फ्रॅक्चरची प्लेट. छातीत पेसमेकर. बरीच वर्षं मधुमेह, दोन्ही पायांची बोटं बधिर. पर्याय: एसडब्ल्यूडी, टेन्स, कंटिन्युअस अल्ट्रासाउंड, हॉट पॅक.

एसडब्ल्यूडी दोनदा बाद होते. प्लेट गुडघ्याच्या अगदी वर, म्हणजे क्षेत्रातच आहे. शिवाय पेसमेकरच्या रुग्णाने यंत्र चालू असताना त्याच्या जवळपास असणंही धोक्याचं मानतात. शेजारच्या खाटेवर दुसऱ्या कुणाला एसडब्ल्यूडी चालू असेल तर या बाईंना तिथे बसवायचं नाही.

टेन्स बाद होतो तो प्लेटमुळे नाही, पेसमेकरमुळे. डिमांड प्रकारचा पेसमेकर हृदयाचे स्वतःचे ठोके 'ऐकत' असतो. टेन्सचे स्पंद त्याला ठोके वाटले तर तो आपलं काम थांबवतो. प्रत्यक्षात दूरच्या अवयवावर, हृदयरोगतज्ज्ञांच्या परवानगीने आणि ईसीजीवर लक्ष ठेवून टेन्स दिल्याची उदाहरणं आहेत. दीर्घोत्तरात हे जरूर लिहा, पण बहुपर्यायी प्रश्नात पेसमेकर दिसला की टेन्सवर खूण करू नका.

अल्ट्रासाउंड प्लेटमुळे बाद होत नाही, तो वेगळ्या कारणाने मागे पडतो. नेहमीच्या हेडचा प्रभावी पृष्ठभाग साधारण ५ चौरस सेंटीमीटर असतो आणि त्याच्या दुप्पट-तिप्पट जागाच एका वेळी नीट तापवता येते. अख्खा गुडघा त्यात मावत नाही. दुखणं आतल्या बाजूच्या लिगामेंटवर बोट ठेवून दाखवता आलं असतं, तर ३ मेगाहर्ट्झचा अल्ट्रासाउंड चांगला पर्याय ठरला असता, कारण जागा लहान, वरवरची आणि कोलॅजनने भरलेली आहे. इथे तसं नाही.

राहिला हॉट पॅक. तो निवडताना 'मधुमेह, बधिरपणा' हे शब्द बघून अनेक जण कचरतात. मधुमेही न्यूरोपॅथी मोज्यासारखी बोटांकडून वर चढते. उपचार गुडघ्यावर आहे, तेव्हा तपासणीही गुडघ्यावरच व्हायला हवी. एका टेस्ट ट्यूबमध्ये गरम, दुसरीत गार पाणी घ्या. बाईंना डोळे मिटायला सांगून, गुडघ्याभोवती क्रम बदलत लावा. प्रत्येक वेळी गरम-गार बरोबर ओळखलं तर संवेदना शाबूत आहे. पायातली नाडीही बघा. रक्तपुरवठा तोकडा असेल तर उष्णतेने ऊतकाची प्राणवायूची गरज वाढते आणि ती भागत नाही. दोन्ही ठीक असेल तर टॉवेलचे ६ ते ८ थर, १५ ते २० मिनिटं, आणि ५ मिनिटांनी पॅक उचलून त्वचा बघायची. फिकट गुलाबी एकसारखी लाली ठीक आहे. लाल-पांढरे डाग दिसले तर पॅक काढायचा. उत्तर हॉट पॅक.

परीक्षक हीच केस एक शब्द बदलून विचारतात, म्हणून तीही फिरवून बघा. पेसमेकर काढला तर टेन्स लगेच पुढे येतो. साधारण ८० ते १२० हर्ट्झ, आखूड स्पंद, मुंग्या येतील पण स्नायू उडणार नाही इतकीच तीव्रता. हा झाला मेल्झॅक आणि वॉल यांच्या १९६५ च्या गेट कंट्रोल सिद्धांतावर चालणारा प्रकार. व्हायवात याच्या जोडीला २ ते ४ हर्ट्झचा, स्नायू दिसेल असा उडवणारा आणि एंडॉर्फिनवर चालणारा प्रकारही विचारतात. त्वचा बधिर असेल तर टेन्सही टाळतात, पण तिथे चाचणी गरम-गारची नसते, टोकदार-बोथटची असते.

दुखणं दोन दिवसांपूर्वीच्या मुरगळीचं केलं तर सगळ्या उष्णता बाद, कारण रक्तस्राव आणि सूज वाढेल. अल्ट्रासाउंड मात्र पल्स्ड स्वरूपात राहतो. २० टक्के ड्यूटी सायकलवर यंत्रावर ०.५ वॉट प्रति चौरस सेंटीमीटर दिसत असेल तर वेळेच्या सरासरीने मिळतात फक्त ०.१, म्हणजे तापवण्याइतकी ऊर्जा साचतच नाही. हा गुणाकार उत्तरात लिहिलात तर पल्स्ड का निवडला हे वेगळं समजावावं लागत नाही.

आणि त्याच पायाची पोटरी सुजलेली, गरम, दाबल्यावर दुखणारी आहे असं लिहिलं असेल, तर पर्याय वाचायच्या आधीच थांबा. ती डीव्हीटी असू शकते. गुठळी सुटून फुप्फुसात जाण्याचा धोका असल्यामुळे त्या पायाला यातलं कुठलंच यंत्र लावायचं नाही, मालीशही नाही. आधी डॉक्टरांना कळवून डॉपलर करून घ्यायचा, हेच तिथलं उत्तर.