आई जमिनीवर का बसत नाही?

ताई, आई ७३ वर्षांची, सांगलीला एकटीच राहते. नोव्हेंबरमध्ये ती मोरीत घसरून पडली. हाड मोडलं नाही, पण सकाळी कामवाल्या मावशी येईपर्यंत साडेतीन तास ती तिथेच पडून होती. तेव्हापासून दिवसाला पंधरा-वीस फोन. ‘दार नीट लागलंय का’, ‘छातीत धडधडतंय’, ‘तू कधी येतेस’. ईसीजी, रक्त, सगळं नॉर्मल. मी घरात कॅमेरे बसवले, डॉक्टरांकडून झोपेची अर्धी गोळी सुरू केली. आता तर ती जमिनीवरही बसत नाही, पूजासुद्धा खुर्चीत बसून उरकते. पुण्याला माझ्याकडे ये म्हटलं तर नको म्हणते. मी नोकरी करू की तिची समजूत घालू?
– एक थकलेली लेक, पुणे

अगं, पूजेचं तू जाता जाता लिहिलंस. मी मात्र तिथेच थांबले.

जिने सारा जन्म पाटावर बसून पूजा केली, विळीवर भाजी चिरली, ती बाई जमिनीला घाबरते. का, हे तिला विचारलंस का? तिला पडण्याची भीती असेलच, पण त्याहून मोठी भीती ही की खाली गेले तर उठता येणार नाही. त्या साडेतीन तासांत तिने उठायचा किती वेळा प्रयत्न केला असेल आणि किती वेळा तो फसला असेल! तुझे कॅमेरे आई पडलेली दाखवतील, तिला उठवणार नाहीत. आणि जमीन टाळत राहिली की मांड्यांतली उरलीसुरली ताकदही जाते. मग भीती खरी ठरते.

म्हणून समजूत घालणं बंद कर. येत्या शनिवारी सांगलीला जा आणि तिला जमिनीवरून उठायला शिकव. हे शिकता येतं, फिजिओथेरपिस्ट म्हाताऱ्या माणसांना नेमकं हेच शिकवतात. पहिल्या वेळी एखाद्याला घरी बोलावलंस तर उत्तम. गुडघा किंवा खुब्याचं ऑपरेशन झालेलं असेल तर मात्र आधी सर्जनला विचारल्याशिवाय यातलं काही करू नकोस.

गोधडी दुमडून घाल. शेजारी एक जड लाकडी खुर्ची भिंतीला टेकवून ठेव. आधी तू स्वतः आडवी हो आणि करून दाखव. उताणं असताना सरळ उठून बसायची धडपड करायची नाही, बहुतेकांचं तिथेच फसतं. कुशीवर वळायचं. कोपरावर, मग हातावर जोर देऊन अर्धं उठायचं आणि रांगायच्या स्थितीत यायचं. रांगत खुर्चीपाशी जायचं, दोन्ही हात बैठकीवर ठेवायचे. जो पाय जास्त भक्कम, त्याचं पाऊल पुढे रोवायचं, हातांनी रेटा देत उठायचं आणि वळून खुर्चीत टेकायचं. मध्ये हवा तेवढा दम खायचा, घाई कसली? खाली बसताना हेच उलट्या क्रमाने.

गुडघ्यांवर भार सोसत नसेल तर बसल्या बसल्या मागे सरकत आधी पाटावर, तिथून चौरंगावर आणि मग पलंगावर. चौरंग हलता-डुलता नको.

माझ्या सासूबाई सुनेसमोर हे करायला लाजल्या होत्या. नातू शेजारी लोळायला लागला तेव्हा त्या वळल्या. तेव्हा प्रेक्षक कमी ठेव. रोज एकदा, कुणी घरात असताना, म्हणजे मावशींच्या वेळेला. उठताना हात देऊ नका, नुसतं जवळ उभं राहा.

आणि कधी उठायचं नाही, हेही तिला माहीत हवं. खुब्यात जोराची कळ आली, पाय आखूड किंवा बाहेर वळलेला दिसला, मान दुखली, तर हलायचं नाही. फोन करायचा. त्यासाठी साधा बटणांचा फोन कापडी पिशवीत घालून गळ्यात, मोरीतसुद्धा. डोक्याला मार लागला असेल आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर बरं वाटत असलं तरी दवाखाना. मोरीची आतली कडी काढून टाक, बाहेरून उघडेल असा बोल्ट बसव.

ती अर्धी गोळी तुझ्या पत्रातली मला सर्वांत न आवडलेली गोष्ट. या वयात झोपेच्या गोळीने रात्री उठताना तोल जातो. पडलेल्या बाईला पुन्हा पाडायचंय का? पण मनाने एकदम बंदही करू नकोस. कित्येक आठवडे घेतलेली असेल तर डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करावी लागते. आणि तिथेच तिचं बीपी आडवं असताना आणि उभं राहिल्यावर एका मिनिटाने, तीन मिनिटांनी मोजून घे. वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त उतरत असेल तर डॉक्टरांना तिच्या सगळ्या गोळ्या तपासायला सांग.

फोन लगेच थांबणार नाहीत. ती पाट मांडून पूजेला खाली बसायला लागली की मला कळव. आणि निघायच्या आधी घरात लाकडी खुर्ची आहे का, ते विचारून घे. प्लॅस्टिकची चालणार नाही.