शेती उत्पन्नाची करमाफी आणि अज्ञानाचा पडदा

प्रश्न: देशाची करव्यवस्था न्याय्य आहे का, हे ‘अज्ञानाच्या पडद्या’ने नेमके कसे तपासायचे? एखादे आपल्याकडचे उदाहरण देता येईल का?

माझ्या घरी रावेर तालुक्यात केळीची बाग आहे आणि शेती उत्पन्नावर आम्ही आयकर भरत नाही, म्हणून हीच करमाफी तपासायला घेतो. अमेरिकी तत्त्वज्ञ जॉन रॉल्स यांनी 1971 च्या ग्रंथात मांडलेल्या या काल्पनिक पडद्याआड बसून नियम ठरवणाऱ्या माणसाला अर्थकारण सर्वसाधारणपणे कसे चालते हे ठाऊक असते. आपण बागायतदार, कोरडवाहू कापूसवाला, जळगावचा नोकरदार की सालदार, एवढेच ठाऊक नसते.

2025-26 च्या नव्या करप्रणालीत 12 लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर, नेहमीच्या कमाईपुरते बोलायचे तर, कर शून्यच होतो. म्हणजे दीड लाख मिळवणाऱ्या कापूसवाल्याला शेतीच्या वेगळ्या माफीने काहीच मिळत नाही, सालदाराला तर मुळीच नाही. लाभ मिळतो तो त्या रेषेच्या वरच्या बागायतदाराला. 20 लाख पगार असलेला नोकरदार प्रमाणित वजावट आणि उपकर धरून सुमारे 1 लाख 92 हजार रुपये भरतो, तेवढेच कमावणारा बागायतदार शून्य, आणि ही तूट जीएसटीतून भरून काढली तर साबण-चप्पल घेणारा सालदारही त्यात वाटा उचलतो. आपण कोण निघू हे माहीत नसताना असा नियम कोणी मागेल, असे मला वाटत नाही.

आमच्याकडचे लोक यावर लगेच म्हणतात की मे-जूनच्या वादळात उभी केळी एका रात्रीत आडवी होते. ही हरकत खरी आहे, पण ती सरसकट माफीचे समर्थन करत नाही. ती उत्पन्नाची सरासरी काढण्याचे समर्थन करते. समजा एका वर्षी 20 लाख नफा, दुसऱ्या वर्षी 8 लाख तोटा आणि तिसऱ्या वर्षी 12 लाख नफा झाला, तर सरासरी 8 लाख येते आणि कर तरीही शून्यच राहतो. दरवर्षी 20 लाख मिळवणाऱ्याला मात्र साधारण नोकरदाराइतकाच कर पडेल. पडद्याआडचा माणूस वादळाच्या जोखमीपासून संरक्षण मागेल, ते त्याला या नियमात मिळते.

आता रॉल्स यांचा पुढचा प्रश्न: या करामुळे सर्वांत खालच्या माणसाचे काय होते? बागायतदाराने लागवड कमी केली आणि सालदाराचे काम गेले, तर कराचा दर चुकला असे मानावे लागेल. हे किती प्रमाणात घडेल ते पडदा सांगत नाही, ते आकडेवारीनेच ठरते. शिवाय शेती उत्पन्नावरील कर राज्यघटनेत राज्यसूचीत आहे, त्यामुळे केंद्राला तो लावताच येत नाही. ही वाटणी बदलायची तर आधी घटनादुरुस्ती लागेल.