एकत्रीकरणाच्या योजनेतील हिशेबाचे कलम

प्रश्न : आमची फाउंड्री दुसऱ्या एका खासगी कंपनीत विलीन होत आहे. मालमत्तेच्या व देण्यांच्या किमती दोन्ही बाजूंनी करारपत्रात ठरवून सह्या केल्या आहेत. आमच्या ८८ टक्के भागधारकांना त्या कंपनीचे शेअर मिळतील, उरलेल्या दोघांना रोख रक्कम. ५० लाखांचे कर्जरोखेही तीच कंपनी फेडणार आहे. पण योजनेच्या मसुद्यात 'हितसंबंध एकत्रीकरण पद्धतीने, पुस्तकी किमतीस' असे छापले गेले आहे आणि लेखापरीक्षक प्रमाणपत्र देत नाहीत. सभांच्या नोटिसा अजून निघायच्या आहेत. सह्या केलेले करारपत्र पुरेसे नाही का?
— एक संचालक, शिरोली औद्योगिक वसाहत

उत्तर : नाही. न्यायाधिकरण मंजुरी देते ती योजनेला, करारपत्राला नव्हे. ज्या किमती योजनेत नाहीत, त्यांची नोंद घेण्याचा आधार मंजुरीनंतर कोणाकडेच उरत नाही. माझ्याकडे येणाऱ्या अशा प्रकरणांत वाटाघाटींना महिने दिलेले असतात आणि हिशेबाचे कलम मात्र दुसऱ्याच कोणाच्या योजनेतून जसेच्या तसे उतरवलेले असते. आपल्या मसुद्यातही हेच झालेले दिसते.

आपले लेखापरीक्षक अडवणूक करत नाहीत. योजनेतील हिशेबाची पद्धत लेखा मानकांशी सुसंगत आहे, असे लेखापरीक्षकाचे प्रमाणपत्र दाखल झाल्याशिवाय न्यायाधिकरणाला मंजुरी देता येत नाही, असे कंपनी कायदा २०१३ च्या कलम २३२(३) चे परंतुक सांगते. आपल्या दोन्ही कंपन्यांची निव्वळ मत्ता २५० कोटींच्या आत आहे असे मी गृहीत धरतो; तसे असल्यास लेखा मानक १४ लागू होईल. पुस्तकी किमती, राखीव निधीसह, जशाच्या तशा पुढे नेण्याची पद्धत या मानकाने पाच अटींवर ठेवली आहे. त्यांतील एक अट अशी, की दर्शनी मूल्याने किमान ९० टक्के समभागधारक नव्या कंपनीचे भागधारक झाले पाहिजेत; दुसरी अशी, की अपूर्णांक शेअरांपुरती रोख सोडली तर असे भागधारक होणाऱ्यांना मिळणारा मोबदला समभागांतच असला पाहिजे. दोघांना रोख देण्याचे आपण मान्य केलेत, त्याच क्षणी यांतील पहिली अट मोडली, आणि तेवढे पुरेसे आहे. आपल्याला खरेदी पद्धतच लागू होते आणि लेखापरीक्षकांनी मसुद्यावर सही केली असती तर ती चुकीची ठरली असती.

खरेदी पद्धतीत मानक दोन मार्ग खुले ठेवते : मालमत्ता व देणी विद्यमान पुस्तकी किमतीला घ्या, किंवा एकूण मोबदला त्यांच्यावर एकत्रीकरणाच्या तारखेच्या वाजवी किमतींनुसार विभागा. 'मान्य किंमत' असा तिसरा मार्ग मानकात नाही. मान्य किमतीला वाजवी किमतीचे बळ येते ते नोंदणीकृत मूल्यांककाच्या अहवालाने, आणि निवड कोणती केली हे योजनेने सांगावे लागते.

आपण पाठवलेल्या पत्रकावरून फरक मोजू. करारपत्रानुसार जागा व इमारत १६० लाख, यंत्रे ७५, माल ६०, ऋणको ७२ आणि बँकेतील शिल्लक १०, म्हणजे एकूण ३७७ लाख. देणी अशी : कर्जरोखे ५०, बँकेचे कर्ज ६०, धनको ६० आणि आजवर आपल्या पुस्तकांत कोठेच न दिसलेली ग्रॅच्युइटी १२, एकूण १८२. (इतकी वर्षे ही तरतूद का केली नाही, हे आपणच जाणे.) निव्वळ मालमत्ता १९५ लाख होते. मोबदला म्हणून ४.४ लाख शेअर प्रत्येकी ४५ रुपयांनी, म्हणजे १९८ लाख, आणि रोख २७ लाख, बेरीज २२५. उरलेले ३० लाख नावलौकिक म्हणून नोंदवले जातील. पुस्तकी किमती ठेवल्या असत्या तर निव्वळ मालमत्ता १४० लाख आणि नावलौकिक ८५ लाख निघाला असता. हा नावलौकिक सर्वसाधारणपणे पाच वर्षांत नफ्यातून काढून टाकायचा असल्याने, दरवर्षी ६ लाखांऐवजी १७ लाखांचा बोजा नव्या कंपनीच्या नफ्यावर पडला असता.

पत्रकात मोबदला २७५ लाख लिहिला आहे. त्यात कर्जरोख्यांचे ५० लाख मिळवले आहेत. ही चूक दुरुस्त करा. मानकाच्या व्याख्येप्रमाणे खरेदी मोबदला म्हणजे हस्तांतरक कंपनीच्या भागधारकांना दिलेले तेवढेच. कर्जरोखेधारक भागधारक नव्हेत. तेच ५० लाख देण्यांतही धरलेले असल्याने नावलौकिक ३० ऐवजी ८० लाख दिसतो. शिवाय मुद्रांक शुल्काच्या आकारणीत मोबदल्याचा आकडा येतो, तेव्हा फुगवलेल्या आकड्यावर शुल्क भरण्याची वेळ येऊ शकते.

घेणाऱ्या कंपनीच्या पुस्तकांतील नोंदी सरळ आहेत. व्यवसाय खरेदी खाते नावे २२५ आणि आपल्या भागधारकांचे खाते जमा २२५. मग मालमत्ता ३७७ व नावलौकिक ३० नावे, देणी १८२ व व्यवसाय खरेदी खाते २२५ जमा. शेवटी भागधारकांचे खाते नावे २२५. जमा बाजूला भाग भांडवल ४४, शेअर अधिमूल्य १५४ आणि बँक २७. पाठ्यपुस्तकांत भागधारकांच्या जागी समापकाचे खाते असते, परंतु न्यायाधिकरणाच्या आदेशाने विसर्जित होणाऱ्या कंपनीला समापक नसतो.

आता तारखेविषयी. योजनेत नियत तारीख १ एप्रिल २०२५ आहे आणि पत्रकातील माल व ऋणकोंची मोजणी ऑक्टोबरमधील आहे. हे चालणार नाही. वाजवी किमती नियत तारखेच्याच हव्यात, कारण त्या दिवसापासूनचा नफा-तोटा घेणाऱ्या कंपनीचा ठरतो. ऑक्टोबरपर्यंत विकला गेलेला माल किंवा बुडालेली उधारी हा तिचा व्यवहार आहे, किमतीतील दुरुस्ती नव्हे. न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठात तारखा किती लांबतील हे कोणीच सांगू शकत नाही. पण त्या विलंबाने नियत तारीख आपोआप पुढे सरकत नाही, आणि 'दरम्यान किमती बदलल्या' म्हणून पुन्हा वाटाघाटी करण्याची सोय योजनेत नसेल तर ती नंतर मिळत नाही.

प्राप्तिकराबाबत इथे मी सावधपणेच लिहितो. त्या कायद्यातील एकत्रीकरणाच्या व्याख्येला मूल्याने तीन चतुर्थांश भागधारक पुरतात, म्हणून लेखा मानकात नापास होणारे ८८ टक्के तिथे चालतात. परंतु घसारा जुन्या शिल्लक किमतीवरच मिळेल, १६० लाखांच्या आकड्यावर नाही; नावलौकिकावर तर वित्त कायदा २०२१ पासून मुळीच नाही. रोख घेणाऱ्या दोघांना भांडवली नफ्याची सवलत मिळणार नाही असे धरून चालावे. त्यांची स्वतंत्र सभा घ्यावी लागेल का, हे न्यायाधिकरण ठरवील.

नोटिसा निघालेल्या नाहीत, ही आपली एकमेव जमेची बाजू. सभेच्या किमान एक महिना आधी त्या पाठवाव्या लागतात. त्यापूर्वी दोन्ही संचालक मंडळांनी सुधारित कलम मंजूर करून ते न्यायाधिकरणापुढे ठेवावे. सभासदांनी मत दिल्यानंतर हेच कलम बदलायचे ठरले तर बहुधा सभा पुन्हा घ्याव्या लागतील. कलमात खरेदी पद्धतीचा स्पष्ट उल्लेख, नियत तारखेच्या वाजवी किमती, मूल्यांककाचा अहवाल जोडपत्र म्हणून, आणि फरक नावलौकिकात अथवा भांडवली राखीव निधीत जाईल असे वाक्य हवे. मूल्यांककाला भूखंडाचा भाडेपट्टा आधी दाखवा. एमआयडीसीची जागा मालकीची नसते, आणि हस्तांतरणाचे शुल्क वजा न करता १६० लाख धरले असतील तर तो आकडा टिकणार नाही.