लॅपटॉपचं साऊंड कार्ड, ASIO4ALL आणि उशिरा येणारा आवाज: तुमचे प्रश्न

प्रश्न: लॅपटॉपला हेडसेट लावून रीपरमध्ये अभंग रेकॉर्ड करतोय, पण माझाच आवाज कानात मागाहून येतो. ASIO4ALL टाकला तर आता काहीच ऐकू येत नाही, यादीत लाल फुली दिसते. (राजेंद्र नगर, इंदूर)

आधी उशीर का होतो ते बघू. साध्या पद्धतीने आवाज विंडोजच्या मिक्सरमधून जातो, तिथे ब्राउजर, नोटिफिकेशन सगळ्यांचे आवाज एकत्र होतात आणि त्यासाठी मोठमोठे बफर लागतात, म्हणून शंभर मिलिसेकंदाच्या पुढे सहज जातं. आसिओ ही स्टाइनबर्ग कंपनीने काढलेली पद्धत, ती हा मिक्सर टाळते, पण त्यासाठी कार्डाचा स्वतःचा आसिओ ड्रायव्हर लागतो आणि लॅपटॉपच्या रियलटेक कार्डासोबत तो सहसा येत नाही. ASIO4ALL ही उणीव भरून काढतो, म्हणजे तुमच्याकडे आधीच असलेला विंडोजचा ड्रायव्हरच वापरतो, फक्त मिक्सरला वळसा घालून त्याच्याशी थेट बोलतो. त्यामुळे कार्ड काही चांगलं होत नाही हं, माइकची सूं सूं तेवढीच राहणार.

लाल फुलीचं कारण बहुतेक वेळा एकच असतं, कार्ड दुसऱ्या कोणीतरी धरून ठेवलेलं असतं. ब्राउजर, मीटिंगचं ॲप, गाणी वाजवणारा प्लेअर, सगळं बंद करा, टॅब म्यूट करून चालत नाही. मग रीपरमध्ये Options → Preferences → Audio → Device इथे Audio system मध्ये ASIO, ड्रायव्हर ASIO4ALL v2 निवडा, Enable inputs वर टिक आहे ना बघा, आणि ASIO Configuration दाबा. जी खिडकी उघडेल तिच्यात पान्याचं चित्र दाबलं की प्रत्येक डिव्हाइसच्या आतले इन आणि आउट वेगवेगळे दिसतात. तिथे फक्त हेडसेटचा माइक आणि हेडफोन चालू ठेवा, एचडीएमआय वगैरे बाकी सगळं बंद. बऱ्याच नव्या लॅपटॉपात आतला माइक वेगळंच डिव्हाइस म्हणून दिसतो, तो चुकून चालू राहिला की आवाज स्क्रीनजवळून येतो आणि माणूस हेडसेटला दोष देत बसतो. कुठला माइक चालू आहे ते नखाने हळूच टकटक करून लगेच कळतं.

प्रश्न: बफर किती ठेवू? 64 ठेवला की करकर येते, 512 वर ठीक आहे पण मित्र म्हणतो एवढा नको. (सुदामा नगर, इंदूर)

हिशोब सोपा आहे, बफरला सॅम्पल रेटने भागायचं. 48000 वर 512 म्हणजे साधारण 10.7 मिलिसेकंद आणि 256 म्हणजे 5.3. हे एका बाजूचं, जाताना एकदा आणि येताना एकदा, शिवाय ड्रायव्हर आपलं थोडं वरून घालतो जे आकड्यात दिसतच नाही. रियलटेकवर 256 स्थिर चालला तर मी त्यातच समाधान मानीन, 64 च्या मागे लागण्यात अर्थ नाही. मित्राला सांगा, गाताना सॉफ्टवेअरमधून स्वतःला ऐकायचंच नसेल तर 512 सुद्धा चालतो, त्या ट्रॅकचं मॉनिटरिंग बंद करा, एक कान उघडा ठेवा आणि ट्रॅक दुसऱ्या कानात ऐकत गा.

पण 256 वर पण करकर येत असेल तर बफरला हात लावण्याआधी दुसरीकडे बघा. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर 15 टक्के दिसतो आणि तरी करकर येते, याचं लोकांना फार आश्चर्य वाटतं. गोष्ट अशी की इथे सरासरी कामाची नाही, एखादा ड्रायव्हर मध्येच काही मिलिसेकंद प्रोसेसर अडवून बसतो आणि तेवढ्यात बफर रिकामा होतो. वाय-फाय बंद करून परत रेकॉर्ड करा, करकर गेली तर चोर सापडला. नाही गेली तर LatencyMon नावाचं फुकट टूल काही मिनिटं चालू ठेवा, कोणता ड्रायव्हर जास्त वेळ घेतो ते नावासकट दाखवतं. पॉवर मोड पण Best performance वर पाहिजे.

आणि करकरीऐवजी एकसारखी घूं येत असेल तर तो बफरचा प्रश्न नाहीच, बहुधा चार्जरचा आहे, विशेषतः दोन पिनी, अर्थिंग नसलेल्या चार्जरचा. चार्जर काढून बॅटरीवर रेकॉर्ड करून बघा, घूं थांबली की समजलं.

प्रश्न: गाताना सगळं तालात वाटतं, पण रेकॉर्ड झालेलं ऐकलं की आवाज तबल्याच्या जरा मागे पडलेला. प्रत्येक टेक हाताने सरकवावा लागतो. (टिळक नगर, इंदूर)

तुमच्या तालात खोट नाही. रीपर ड्रायव्हरने सांगितलेला उशीर वजा करून टेक जागेवर ठेवतो, पण ASIO4ALL ला खालच्या ड्रायव्हरचा आणि कार्डाचा सगळा उशीर माहीतच नसतो, म्हणून तो कमी सांगतो. उरलेला फरक एकदा मोजून टाकायचा, मग सरकवणं संपलं.

नवं प्रोजेक्ट 48000 वर घ्या, बफर रोजचाच ठेवा. Insert मेनूमधून Click source टाका, म्हणजे प्रत्येक ठोका बरोबर ग्रिडच्या रेघेवर पडेल. दुसरा ट्रॅक रेकॉर्डला लावा आणि त्याचं मॉनिटरिंग नक्की बंद करा, नाहीतर शिट्टी वाजेल. आता हेडसेटचा माइक वाकवून त्याच्याच कानाच्या गादीला चिकटवा आणि आठ-दहा ठोके रेकॉर्ड करा. माइक अगदी जवळ आहे म्हणून हवेतला उशीर धरायची गरज नाही, आवाजाला एक मिलिसेकंदात चौतीस सेंटीमीटर जाता येतं.

मग झूम करा, पार एका ठोक्यावर. ग्रिडच्या रेघेपासून वेव्हफॉर्म जिथून उठतो तिथपर्यंत सिलेक्शन करा आणि लांबी बघा. समजा 9 मिलिसेकंद आली. 48000 वर एका मिलिसेकंदात 48 सॅम्पल, म्हणजे 432 सॅम्पल. आणखी दोन-तीन ठोके तपासा, सगळीकडे तेवढंच पाहिजे. आता Preferences → Audio → Recording मध्ये Use audio driver reported latency वर टिक असू द्या (मोजताना पण असलीच पाहिजे) आणि Input manual offset मध्ये 432 सॅम्पल लिहा. परत रेकॉर्ड करा. ठोका रेघेवर बसला तर काम झालं, फरक उलट दुप्पट झाला तर आकड्याला उणे चिन्ह लावा.

पहिल्या ठोक्याला 9 आणि पाचव्या मिनिटाला 14 असं वाढत गेलं तर मात्र ऑफसेटने काही होणार नाही, ते घड्याळाचं दुखणं आहे, पुढच्या उत्तरात सांगतो. बफर किंवा सॅम्पल रेट बदलला तर मोजणी परत करायची, जुना आकडा तसाच राहील या भरवशावर राहू नका.

प्रश्न: यूएसबी माइक घेतलाय, ऐकायला लॅपटॉपचाच जॅक वापरतो. ASIO4ALL मध्ये दोन्ही एकदम चालतील ना? ब्लूटूथ हेडफोन चालेल का? (विजय नगर, इंदूर)

दोन्हीवर टिक लागेल, चालूही होईल, आणि थोड्या वेळाने टकटक येईल किंवा टेक हळूहळू सरकत जाईल. प्रत्येक डिव्हाइसचं घड्याळ वेगळं, दोघांचं 48000 अगदी सारखं नसतंच. यूएसबी माइकला स्वतःचा हेडफोन जॅक असेल तर इन-आउट दोन्ही त्यातूनच घ्या आणि रियलटेक बंद करा. बऱ्याच माइकांत तर आवाज कॉम्प्युटरमध्ये जायच्या आधीच कानात देणारं बटण असतं, तेव्हा बफर 1024 असला तरी स्वतःचा आवाज लगेच ऐकू येतो. जॅक नसेल तर टेक छोटे ठेवा.

ब्लूटूथ नाही. तो आवाज पाठवायच्या आधी स्वतःच दाबतो आणि साठवतो, त्या उशिरावर ASIO4ALL चं काही चालत नाही. तारवाला इयरफोन लावा, साधा असला तरी चालेल.