सल्लागाराच्या एंगेजमेंट लेटरमधील रिटेनर, कामाची व्याप्ती आणि फी

प्रश्न: आमच्या छोट्या प्रायव्हेट लिमिटेड कंपनीने एका सल्लागाराचे एंगेजमेंट लेटर मराठीत करून घेतले आहे. भाषा समजते, पण रिटेनर, व्याप्ती आणि फी या कलमांचा व्यवहारात अर्थ काय? आणि रिटेनर शेवटच्या बिलातून वळता होतो का?

पत्रात तसे स्पष्ट लिहिले असेल तरच वळता होतो. रिटेनर या नावाखाली निदान तीन वेगळे व्यवहार चालतात. एक म्हणजे पुढच्या बिलांपोटी आगाऊ घेतलेली रक्कम, दुसरी शेवटपर्यंत ठेवायची अनामत, आणि तिसरी सल्लागाराने महिन्याचे ठरावीक दिवस तुमच्यासाठी राखून ठेवावेत म्हणून द्यायची मासिक फी, जी त्या दिवशी तुम्ही त्याला बोलावले नाही तरी द्यावी लागते. छोट्या कंपन्यांना येणाऱ्या पत्रांत बहुधा तिसरा प्रकार असतो आणि वाचणारा मात्र पहिला समजून चालतो.

मी अशा पत्रांची भाषांतरे करतो आणि या प्रश्नावर माझे एक जुने भांडण आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. शिरोली एमआयडीसीतील एका फाउंड्रीने इंडक्शन फर्नेसचा वीजखर्च कमी करण्यासाठी सल्लागार नेमला होता. पत्र इंग्रजीत होते आणि थोरल्या संचालकांना ते मराठीत हवे होते. सहा महिन्यांसाठी दरमहा 25,000 रुपये रिटेनर, त्यात महिन्याला दोन दिवस प्रत्यक्ष भेट, आणि अखेरीस पहिल्या वर्षाच्या बचतीच्या 15 टक्के यशशुल्क, असा एकूण मामला होता. रिटेनर यशशुल्कातून वजा होणार की नाही, याबद्दल पत्रात एक अक्षरही नव्हते. न वापरलेले भेटीचे दिवस पुढच्या महिन्यात मिळणार की बुडणार, याबद्दलही नव्हते.

आकडे मांडले की या मौनाची किंमत कळते. फाउंड्रीला एक टन धातू वितळवायला सरासरी 680 युनिट वीज लागत होती आणि ती 620 वर आणायचे ठरले होते. महिन्याला 200 टन वितळण आणि युनिटला 9 रुपये धरले, तर महिन्याची बचत 1,08,000 रुपये, वर्षाची 12,96,000 आणि त्याचे 15 टक्के म्हणजे 1,94,400 रुपये होतात. सहा महिन्यांत दिलेला रिटेनर 1,50,000 होतो. तो वजा होणार असेल, तर अखेरीस 44,400 रुपये द्यायचे उरतात. नसेल, तर पूर्ण 1,94,400.

त्याहून मोठी मेख पायाभूत आकड्यात होती. बचत मोजायची ती पत्राच्या तारखेच्या लगतच्या महिन्याशी तुलना करून, असे कलम होते. पत्र डिसेंबरचे होते, म्हणजे तुलना नोव्हेंबरशी, आणि त्या वर्षी दिवाळी नोव्हेंबरमध्ये आली होती. दिवाळीत भट्टी बंद असते, नंतर ती थंड अवस्थेतून तापवावी लागते, कामगार गावी गेलेले असल्यामुळे मोल्ड वेळेवर तयार होत नाहीत आणि वितळलेला धातू भट्टीत नुसता धरून ठेवावा लागतो. त्यामुळे टनामागे वीज वाढते. त्या महिन्यात ती 720 युनिट निघाली होती. हा आकडा पाया धरला असता, तर वर्षाची बचत कागदोपत्री 21,60,000 आणि यशशुल्क 3,24,000 रुपये झाले असते, म्हणजे सल्लागाराने काहीही न करता 1,29,600 रुपये जास्त.

मी भाषांतर जसेच्या तसे केले आणि दोन्ही कलमांसमोर समासात पेन्सिलने प्रश्न लिहिले. त्यावर धाकटे संचालक म्हणाले, ‘सर, तुम्ही फक्त भाषांतर करा, व्यवहार आम्ही बघतो.’ सल्लागारांचेही तेच मत पडले. थोरल्यांनी मात्र तो कागद सल्लागारांपुढे ठेवला आणि सहीआधी दोन ओळींचे पूरक पत्र मागितले. सल्लागारांनी मागच्या बारा महिन्यांची सरासरी पाया म्हणून मान्य केली. रिटेनर वजा करायला त्यांनी स्वच्छ नकार दिला आणि ते त्यांच्या जागी बरोबरच होते, कारण राखून ठेवलेल्या दिवसांचे पैसे ते मागत होते. कंपनीने हे समजून सही केली. धाकट्यांच्या मते माझ्यामुळे काम लांबले. लांबले खरे, पण वरचे 1,29,600 रुपये कोणाच्या खिशात राहिले, हे त्यांनी एकदा वहीत पाहावे. मूळ पत्र जिथे गप्प आहे तिथे भाषांतरही गप्पच राहणार, आणि ती जागा न दाखवता कागद हातात देणारा भाषांतरकार अर्धेच काम करतो, असे माझे आजही मत आहे.

व्याप्तीच्या कलमात काय समाविष्ट नाही, याची यादी आधी शोधा. या पत्रात पाहणी, अहवाल आणि भट्टीवरच्या कामगारांचे प्रशिक्षण होते; मीटर बसवणे, पॅनेलची खरेदी आणि महावितरणशी पत्रव्यवहार नव्हता. तरी तिसऱ्या महिन्यात कंपनीनेच फोनवरून पॉवर फॅक्टरचे काम सांगितले आणि त्याचे वेगळे बिल आल्यावर ‘हे पत्रात नाही’ म्हणून हात वर केले. हा युक्तिवाद लंगडा आहे. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 70 नुसार, फुकट करण्याचा हेतू नसताना कोणी तुमच्यासाठी कायदेशीर काम केले आणि त्याचा लाभ तुम्ही घेतला, तर मोबदला देणे लागतो. म्हणून व्याप्तीबाहेरचे काम लेखी मंजुरीशिवाय सुरू होणार नाही आणि त्याचा दिवसाचा दर अमुक राहील, हे वाक्य पत्रात असावे. ते दोघांच्याही हिताचे आहे.

फीच्या कलमात ‘करांव्यतिरिक्त’ असे असेल, तर त्याचा हिशोब असा. 25,000 वर 18 टक्के जीएसटी 4,500, म्हणजे बिल 29,500 रुपयांचे. फी व्यावसायिक सेवेची धरून टीडीएस 10 टक्के, आणि बिलात जीएसटी वेगळा दाखवला असेल तर हा टीडीएस फक्त 25,000 वर, म्हणजे 2,500. सल्लागाराच्या हाती 27,000 पडतात. मात्र ‘कोणतीही कपात न करता’ असे लिहिले असेल, तर टीडीएसचा बोजा तुमच्यावर ढकलला जाण्याचा धोका आहे. ते शब्द काढायला सांगा. प्रवासखर्च ‘प्रत्यक्षानुसार’ असेल, तर गाडी कोणती आणि मुक्काम कुठे याची मर्यादा ठरवून घ्या.

आता दोन गोष्टी, ज्या खरे तर आधी सांगायला हव्या होत्या. सल्लागार उद्यम नोंदणी असलेला सूक्ष्म किंवा लघु उद्योग असेल, तर पत्रात 60 दिवसांची मुदत असली तरी काम स्वीकारल्यापासून 45 दिवसांच्या आत पैसे द्यावे लागतात, नाहीतर चक्रवाढ व्याज लागते. आणि दोन भाषांतील मजकुरात तफावत आढळल्यास इंग्रजी ग्राह्य, असे कलम तुमच्या पत्रात असण्याची बरीच शक्यता आहे. तसे असेल तर वरच्या सगळ्या दुरुस्त्या इंग्रजी पत्रातच करून घ्या. तुमच्या पत्राचा मजकूर मी पाहिलेला नाही आणि मी वकील नाही, तेव्हा सहीआधी रिटेनरचे कलम तुमच्या सीएला नक्की दाखवा.